40 टक्के चढवले, 40 टक्केच उतरवले, मग 80 रुपये गेले कुठे?

प्रश्न: सर, कोथरूडला माझं कुर्त्यांचं छोटं दुकान आहे. 500 रुपये नग अशा 60 कुर्त्या घेतल्या, 40 टक्के चढवून 700 चा टॅग लावला. 22 गेल्या, उरलेल्या 38 आषाढ सेलमध्ये 40 टक्के डिस्काउंटने काढल्या. मला वाटलं त्या खरेदीभावात गेल्या, ना नफा ना तोटा. पण हिशोबात नगामागे 80 रुपये तोटा दिसतोय. 40 वाढवले आणि 40 च कमी केले तर मूळ किंमत का येत नाही? बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये काही गडबड आहे का?

उत्तर:

ताई, सॉफ्टवेअर बरोबर आहे, तोटा खरा आहे. नारायण पेठेत बसून वीसेक वर्षं दुकानदारांचे हिशोब बघतोय, आणि दर आषाढात निदान दोघंजण तरी हीच तक्रार घेऊन येतात, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका.

आधी तुमचेच आकडे समोर ठेवू. कुर्ती 500 ला आली. तिच्यावर 40 टक्के चढवले म्हणजे 500 चे 40 टक्के, 200 रुपये. टॅग झाला 700. आता सेलमध्ये 40 टक्के उतरवले, पण ते कशाचे? गिऱ्हाईकाला तुमची 500 ची खरेदी माहीतच नाही, त्याच्यासमोर 700 चा टॅग आहे, त्यामुळे सूट बसते 700 वर. 700 चे 40 टक्के म्हणजे 280. चढवले 200, उतरवले 280, हातात आले 420. टक्का तोच राहिला पण तो ज्या रकमेचा काढला ती रकमच बदलली, एवढीच सगळी भानगड आहे. टक्का हा एकटा आकडा नसतोच हो, तो कायम "कशाचा तरी" असतो, आणि आपण बोलताना ते "कशाचा" गिळून टाकतो.

पण बरोबर 80 च का, 70 किंवा 100 का नाही, हे एकदा नीट बघून घ्या, कारण ते कळलं की पुढचं सगळं तोंडी जमतं. टॅगचे 700 म्हणजे दोन ढीग समजा. एक खरेदीचे 500, दुसरा तुम्ही वर ठेवलेले 200. सूट देताना तुम्ही दोन्ही ढिगांतून 40 टक्के काढून दिले. 500 च्या ढिगातून 200 गेले, म्हणजे जेवढे चढवले होते तेवढेच, इथपर्यंत बरोबरी. पण 200 च्या ढिगातूनही 40 टक्के गेले, ते 80 रुपये. हेच तुमचे हरवलेले 80. म्हणजे तोटा हा नेहमी "वाढवलेल्या रकमेचे तितकेच टक्के" इतका असतो, 40 टक्क्यांचे 40 टक्के म्हणजे मूळ खरेदीचे 16 टक्के, आणि 500 चे 16 टक्के 80.

शाळेतलं बीजगणित आठवत असेल तर हे तेच (a+b)(a−b) = a² − b² आहे. 40 टक्के चढवणं म्हणजे 1.4 ने गुणणं, 40 टक्के उतरवणं म्हणजे 0.6 ने गुणणं, आणि 1.4 × 0.6 = 0.84. एकातून 0.4 चा वर्ग, म्हणजे 0.16, वजा झाला. वर्ग वजा होतो म्हणून टक्का चढवला की उतरवला यातलं आधी काय हे बघायचीही गरज नाही. उलट करून बघा, 500 ची कुर्ती आधी 40 टक्क्यांनी कमी करून 300 केली आणि मग 300 वर 40 टक्के चढवले तर 120 चढतात, पुन्हा 420 च. लोकांना हे पटत नाही, त्यांना वाटतं एका बाजूने तोटा तर दुसऱ्या बाजूने फायदा व्हायला पाहिजे. होत नाही, गुणाकार कुठल्याही क्रमाने करा, उत्तर एकच.

आणि हा वर्ग असल्यामुळेच इतके दिवस हे तुमच्या लक्षात आलं नसणार. 5 टक्के चढवून 5 टक्के सोडले तर 500 वर जातात सव्वा रुपया, तो राउंडिंगमध्ये कुठे गेला तेही कळत नाही. 10 टक्क्यांना 5 रुपये जातात, चहाचे पैसे, कोण बघतो. 20 टक्क्यांना मात्र 20 रुपये, आणि 40 टक्क्यांना थेट 80. टक्का दुप्पट झाला की तोटा चौपट होतो. वर्षभर गिऱ्हाईकाला 5-10 टक्के सोडून सवय लागलेली असते की "चढवले तितके सोडले, बरोबरी झाली", आणि तीच सवय आषाढात 40 च्या बोर्डाला लावली की हिशोबात दणका बसतो.

आता तुमचा पूर्ण लॉट बघू. 60 कुर्त्यांची खरेदी 30,000. टॅगभावात 22 गेल्या, 15,400 आले. सेलमध्ये 38 गेल्या 420 ने, 15,960 आले. एकूण विक्री 31,360. म्हणजे लॉटवर 1,360 सुटले, अजून भाडं, लाइटबिल, मुलीचा पगार त्यातनं जायचंय. पहिल्या 22 नगांवर 4,400 कमावले होते आणि सेलमध्ये 3,040 परत गेले. (जीएसटी यात मी मुद्दाम धरलेला नाही, नाहीतर मूळ मुद्दा बाजूला राहील.) तुम्हाला वाटत होतं 4,400 पूर्ण शिल्लक राहतील, म्हणून हिशोब बघून धक्का बसला.

मग खरेदीभावात काढायचं होतं तर किती सूट द्यायची होती? वरचे 200 काढून टाकायचे आहेत आणि ते 700 मधले 200 आहेत, म्हणून 200 भागिले 700, साधारण 28.57 टक्के. बोर्डावर 28 लिहिलं असतं तर 504 ला गेल्या असत्या, 38 नगांचे 19,152 आले असते आणि लॉटवर 4,552 सुटले असते.

हे 28.57 दरवेळी कॅल्क्युलेटरवर काढायची गरज नाही. मी उमेदवारी करत होतो तेव्हा रविवार पेठेतल्या एका होलसेलवाल्याकडे म्हातारे दिवाणजी होते, ते टक्क्यात बोलायचेच नाहीत, "हिश्शात बोल" म्हणायचे. सव्वापट केलंस तर पाचवा हिस्सा काढ, दीडपट केलंस तर तिसरा हिस्सा काढ, दुप्पट केलंस तर निम्मं काढ, की आलास परत घरी. मला तेव्हा ती जुन्या लोकांची गंमत वाटायची, नंतर एकदा कागदावर मांडून बघितलं तर सरळ आहे. पाव चढवला म्हणजे चारावर एक चढला, पाच झाले, आता परत यायला पाचातला एक काढायचा. निम्मं चढवलं म्हणजे दोनावर एक, तीन झाले, तीनातला एक काढायचा. तुमचे 40 टक्के म्हणजे पाचावर दोन, सात झाले, सातातले दोन काढायचे. अपूर्णांकाच्या खालच्या आकड्यात वरचा आकडा मिळवायचा, बास. दोन पंचमांश चढवलं की दोन सप्तमांश उतरवायचं.

आधी उतरलं आणि मग चढायचं असेल तर उलट, खालच्या आकड्यातून वरचा वजा करायचा. पाचातले दोन गेले, तीन राहिले, परत पाचावर यायला तीनावर दोन चढवावे लागतात, म्हणजे 40 टक्के पडलेली वस्तू मूळ जागी यायला जवळपास 67 टक्के चढावी लागते. शेअरबाजारातली माणसं याच ठिकाणी अडकतात. सेन्सेक्स 14 जानेवारी 2020 ला 41,950 च्या आसपास बंद झाला होता आणि 23 मार्चला 25,981 वर, म्हणजे 38 टक्के पडला. त्या वेळी माझे एक नातेवाईक हिशोब करत बसले होते की 38 टक्के वाढला की आपण सुटलो. 25,981 वर 38 टक्के चढवून बघा, 36,000 च्या अलीकडेच थांबतो. जानेवारीच्या जागी परत यायला 61 टक्क्यांच्या वर चढावं लागलं आणि त्याला नोव्हेंबर उजाडला.

परत दुकानात येऊ, कारण तुमच्या धंद्यात यातली सगळ्यात कामाची गोष्ट अजून सांगायची राहिलीय. एकाच कुर्तीवरच्या त्याच 200 रुपयांना दोन टक्के असतात. खरेदीवर मोजले तर 40 टक्के, त्याला मार्कअप म्हणतात. विक्रीवर मोजले तर 28.57 टक्के, ते मार्जिन. खरेदीभावाखाली न जाता जास्तीत जास्त किती सूट देता येईल, तर जेवढं मार्जिन तेवढी, मार्कअप एवढी नाही. तुम्ही मार्कअपचा आकडा सेलच्या बोर्डावर लिहिला, चूक झाली ती इथे. मार्कअप तुमच्या वहीत राहू दे, बोर्डाशी त्याचा काही संबंध नाही, कारण बोर्डावरचा टक्का टॅगवर लागतो आणि मार्जिनही टॅगवरच मोजलेलं असतं, दोघांची भाषा एक.

होलसेलवाले नेमके इथेच गोंधळ करून ठेवतात. "ताई, यात तुम्हाला 40 टक्के सुटतात" असं म्हणतात तेव्हा ते खरेदीवर बोलतायत की विक्रीवर हे विचाराच, अगदी तोंडावर. खरेदीवर असेल तर 500 चे 700 होतात. विक्रीवर असेल तर 833 होतात. नगामागे 133 रुपयांचा फरक आहे आणि दोन्हीकडे माणूस "40 टक्के" च म्हणतो, खोटं कोणीच बोलत नसतं.

हे 833 कुठून आलं? ज्या किमतीतनं 40 टक्के काढले की बरोबर 500 उरतात ती किंमत. 60 टक्के म्हणजे 500, तर पूर्ण म्हणजे 500 भागिले 0.6, 833.33. पटत नसेल तर 833.33 चे 40 टक्के काढा, 333.33 येतात, उरले 500. आणि इथे एक गंमत सांगतो, काउंटरवरच्या काही कॅल्क्युलेटरवर 500 + 40 % दाबलं की 700 न येता 833.33 च येतं. मोबाइलवर बहुतेक 700 येतं. म्हणजे काउंटरवरचं मशीन बिघडलेलं नसतं, त्याच्या बनवणाऱ्याने ते बटण दुकानदारासाठी विक्रीवरच्या टक्क्याने ठेवलेलं असतं. माझ्याकडच्या एका दुकानात भाऊ एक मशीन वापरायचा आणि वहिनी मोबाइल वापरायच्या, एकाच लॉटवर दोन वेगळे टॅग लागले आणि दोघं एकमेकांना वेंधळं म्हणत बसले. तुमच्याकडचं यंत्र कुठल्या जातीचं आहे ते 100 + 20 % दाबून बघा, 120 आलं तर खरेदीवर, 125 आलं तर विक्रीवर.

याच चुकीचं दुसरं रूप जीएसटीत दिसतं, आणि तिथे नोटीस यायची भीती असते म्हणून सांगतो. माझ्या ऑफिसात नवीन आलेल्या मुलाने एका मिक्सरच्या बिलातून कर वेगळा काढताना, 2,360 कर धरून किंमत होती, 18 टक्के कर, त्याने सरळ 2,360 चे 18 टक्के, 424.80 वजा केले आणि मूळ किंमत 1,935.20 लिहिली. खरी मूळ किंमत 2,000 आणि कर 360. कारण कर 2,000 वर चढलाय, 2,360 वर नाही, म्हणून उतरवताना 1.18 ने भागायचं, 18 टक्के वजा करायचे नाहीत. फरक आला 64.80, आणि बघा, 0.18 चा वर्ग 0.0324, गुणिले 2,000, बरोबर 64.80. तुमच्या 80 रुपयांचाच भाऊ. तपासायची सोपी खूण अशी की उतरवून आलेल्या रकमेवर तोच टक्का परत चढवायचा, पहिला आकडा आला तर ठीक, 1,935.20 वर 18 टक्के चढवले तर 2,283.54 येतात, 2,360 नाही, म्हणजे कुठेतरी वजाबाकीने घात केलाय.

हा नियम लागू नाही अशी जागाही आहे, नाहीतर सगळीकडे लावत बसाल. रुपयात चढवलं-उतरवलं तर काहीच हरवत नाही, 200 चढवले 200 उतरवले की 500 ला 500. तसंच बँकेच्या व्याजदराचं, दर 6.25 वरून 6.50 झाला आणि पुन्हा पाव टक्का उतरला तर 6.25 च राहतो, कारण तिथे पाव टक्का हा दराचा पाव टक्का नसून दरात मिळवलेला सरळ आकडा असतो. शब्द तोच "टक्का" असल्याने लोक गफलत करतात. विचारायचं एकच, ही बेरीज आहे की गुणाकार. सेलच्या बोर्डावर कायम गुणाकार असतो. लक्ष्मी रोडवर "50% + 20%" असे बोर्ड लागतात ना, त्यातही 70 सुटत नाही, 1,000 चे आधी 500 होतात आणि त्या 500 चे 20 टक्के निघून 400 राहतात, म्हणजे सूट 60 टक्केच. दुकानदाराला ते बरोबर माहीत असतं, म्हणून तर तो बेरजेचं चिन्ह काढतो.

आता दिवाळीचा लॉट. माझ्या मते टॅग लावतानाच शेवटच्या सेलचा हिशोब करून ठेवा, उलट्या बाजूने. समजा कुर्ती पुन्हा 500 चीच आहे, आणि आषाढात 40 टक्क्यांचा बोर्ड लावूनही तुम्हाला खरेदीवर 15 टक्के सुटायला हवेत. मग सेलमध्ये ती 575 ला गेली पाहिजे. 575 भागिले 0.6, 958 आले, टॅग लावा 960. सेलमध्ये 576 ला जाईल, 76 सुटतील. आता 500 च्या कुर्तीला 960 चा टॅग कोथरूडला चालेल का, हा प्रश्न गणिताचा नाही, तो तुमच्या समोरच्या दुकानाकडे बघून ठरवायचा आहे. नाही चालत असं वाटलं तर टॅग 800 ठेवा आणि बोर्ड 28 चा लावा, तरी पुन्हा 576 च पडतात, म्हणजे गल्ल्यात तेवढेच. मी स्वतः हेच करीन, पण 40 चा आकडा बघून गर्दी होते हेही खरं आहे आणि ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत.

एक्सेल वापरत असाल तर लॉटमागे एवढं मांडून ठेवा. B2 मध्ये खरेदी, C2 मध्ये मार्कअप, E2 मध्ये सेलची सूट लिहायची, बाकी आपोआप येतं:

```
B2: 500
C2: 40%
D2: =B2*(1+C2)
E2: 40%
F2: =C2/(1+C2)
G2: =D2*(1-E2)-B2
```

D2 म्हणजे टॅग. F2 म्हणजे खरेदीभावापर्यंत नेणारी सूट, म्हणजे तुमचं मार्जिन. G2 म्हणजे सेलमध्ये नगामागे सुटणारे किंवा जाणारे रुपये, तुमच्या आकड्यांना ते −80 दाखवेल. टाकताना 40% असंच टाका, नुसतं 40 टाकलं आणि एक्सेलमधला तो चौकोन टक्क्याचा नसला तर टॅग 20,500 होतो, असा एक टॅग खरंच छापून आलेला मी बघितलाय. बोर्ड रंगवायला देण्याआधी E2 हा F2 पेक्षा मोठा नाही ना एवढं बघा. मुद्दाम मोठा ठेवायचा असेल, जुना माल काढायचाय, जागा मोकळी करायचीय, तर ठेवा की, पण मग G2 मधले वजा रुपये गुणिले उरलेले नग हा आकडा आधीच वहीत लिहून ठेवा. तुमच्या बाबतीत तो 3,040 होता, आणि तो सेलच्या आधी दिसला असता तर तुम्ही 40 चा बोर्ड लावला असता की 28 चा, ते तुमचं तुम्हीच ठरवलं असतं.